अकराशे किलो लोखंड गेलं कुठं?

दुमजली बंगल्याच्या मालकाने साइट इंजिनिअरला विचारलं, "अंदाज दहा टनांचा होता आणि बिलं साडेअकरा टनांची आली. दीड टन लोखंड गेलं कुठं?" उत्तर म्हणून इंजिनिअरने दोन पानांची टिपण लिहून दिली. प्रसंग उदाहरणादाखल असला, तरी असा हिशेब बहुतेक साइटवर कधी ना कधी मांडावा लागतो.

सुरुवात शिल्लक मालापासून होते. आवारात ४०० किलो अख्ख्या सळया पडून होत्या, म्हणजे वापर ११,१०० किलोंचा. शोधायचे ते ११०० किलो.

त्यातले ४५० किलो मालकानेच वाढवले होते. गच्चीवरची जिन्याची खोली आणि मोठी पाण्याची टाकी अंदाजानंतर नकाशात आली, आणि सुधारित बार बेंडिंग शेड्यूलमध्ये त्याची नोंद होती.

दुसरा मुद्दा लॅपचा. कॉलमची सळई प्रत्येक मजल्यावर जोडावी लागते, आणि जोडावर दोन सळया काही अंतर एकमेकींना चिकटून जातात. या कामात ते अंतर व्यासाच्या ५० पट, म्हणजे १६ मिलिमीटर सळईला ८० सेंटिमीटर होतं. एका कॉलममध्ये आठ सळया, कॉलम बारा, जोड दोन पातळ्यांवर. सळईचं वजन मीटरला १.५८ किलो. हे सगळं मिळून २४३ किलो होतं. वरचा जाळ उचलून धरणाऱ्या चेअरचे आणखी ५७. ठोकताळ्याने काढलेल्या अंदाजात हे ३०० किलो नव्हतेच.

उरले ३५०. सळईचं प्रमाण वजन मीटरला किती, हे व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने निघतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६७ किलोची. इथे काट्यावर ती सरासरी १०.८ भरली. मानकात ही थोडी तफावत चालते. पण माल वजनावर घेतला की सळई जाड भरल्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात. सगळ्या मालाचा हा फरक सुमारे १४० किलो.

राहिलेले २१० किलो म्हणजे तुकडे, आणि ते खरोखर काट्यावर तोलले होते. वापराच्या दोन टक्क्यांहूनही थोडे कमी. तीन टक्क्यांपर्यंत नुकसान सहसा गृहीत धरतात. तरी हेही कमी झालं असतं. फिटरने १२ मीटरच्या सळईतून ३.७ मीटरचे तीन तुकडे काढले की ९० सेंटिमीटर वाया जातात. दोनच काढून उरलेले ४.६ मीटर बीमला लावले, तर काहीच उरत नाही. पण कॉलम आणि बीमची कापणी वेगवेगळ्या दिवशी होते, त्यामुळे असं जुळवायला यादी आधीच हातात लागते.

भंगार तोललंच नसतं, तर हे २१० किलो तुकड्यांत गेले की फाटकाबाहेर, हे कुणालाच सांगता आलं नसतं. भंगार विकून आलेली रक्कम टिपणीच्या शेवटी मालकाच्या नावावर जमा दाखवली होती.