हिरवी खूण म्हणजे पैसे नव्हेत

संध्याकाळचे साडेसात वाजलेत, दुकानात गर्दी आहे. गिऱ्हाईक तेलाचा डबा, तांदूळ आणि काजू-बदाम घेतं. बिल १,८५० रुपये. क्यूआरवर मोबाइल धरला जातो, ‘टिंग’ असा आवाज येतो आणि फोन दुकानदारासमोर येतो : “काका, गेले बघा पैसे.” पडद्यावर हिरवी खूण, दुकानाचं नाव, रक्कम, आत्ताची वेळ, सगळं बरोबर. काका मान हलवतात आणि पिशवी देतात. रात्री हिशेब जुळवताना लक्षात येतं, की १,८५० रुपये आलेलेच नाहीत.

ही फसवणूक दोन प्रकारे होते. जुन्या पावतीच्या स्क्रीनशॉटवर रक्कम आणि तारीख बदलणं हा पहिला प्रकार. दुसरा जास्त फसवा. ओळखीच्या पेमेंट ॲपसारखी हुबेहूब दिसणारी बनावट ॲप असतात. त्यांत दुकानाचं नाव आणि रक्कम टाकली, की यशाचा पडदा तयार होतो, आवाजसुद्धा वाजतो. त्यामुळे ‘स्क्रीनशॉट नको, चालू ॲप दाखवा’ असं म्हणूनही भागत नाही. पावतीवरचा बारा अंकी यूटीआर क्रमांकही बनावट असू शकतो. तो खरा की खोटा, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

खरा यूपीआय व्यवहार कसा होतो, ते पाहिलं की यातली मेख कळते. गिऱ्हाइकाच्या बँकेतून रक्कम वजा होते, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून निरोप जातो, दुकानदाराच्या बाजूला रक्कम जमा होते आणि तशी नोंद उमटते. ही नोंद गिऱ्हाइकाच्या फोनमधून खोटी घडवता येत नाही. म्हणून खात्री करायची ती आपल्याच बाजूला.

पण आपल्या बाजूला नेमकं कुठे पाहायचं, हे क्यूआरवर अवलंबून आहे. क्यूआर थेट बचत खात्याला जोडलेला असेल, तर आपल्या ॲपमधली व्यवहारांची यादी उघडावी. बँकेचा एसएमएसही येतो, पण तो बँकेच्या नावाच्या संक्षेपाने येतो. दहा आकडी मोबाइल नंबरवरून ‘रक्कम जमा’ असा एसएमएस आला, तर तो गिऱ्हाइकाच्या साथीदाराने पाठवलेला असू शकतो. क्यूआर पेमेंट कंपनीचा व्यापारी क्यूआर असेल, तर पुष्कळदा दिवसभराची रक्कम एकत्र करून नंतर बँकेत टाकली जाते. तिथे बँकेची शिल्लक लगेच वाढत नाही, म्हणून कंपनीच्या व्यापारी ॲपमधली यादीच पाहावी लागते.

साऊंडबॉक्स उपयोगी पडतो, कारण त्यात स्वतःचं सिमकार्ड असतं आणि त्याला निरोप कंपनीकडून येतो, गिऱ्हाइकाच्या फोनवरून नाही. मात्र आवाज डब्यातूनच आला ना, एवढं कानाने टिपायला हवं. डबा चार्ज नसला किंवा रेंज गेली, तर तो गप्प राहतो. अशा वेळी ‘आज डबा बंद आहे’ म्हणून पडद्यावर विसंबू नये. यादी उघडावी.

यादीतही एक चूक होते. दहा मिनिटांपूर्वी कुणीतरी १०० रुपये दिलेले असतात. आता दुसरा १०० रुपयांची पावती दाखवतो आणि घाईत आधीचीच नोंद त्याची समजली जाते. म्हणून रक्कम, वेळ आणि देणाऱ्याचं नाव, तिन्ही जुळवावं. गल्ल्यावर पोरगा आणि फोन मालकाच्या घरी, अशी बऱ्याच दुकानांची स्थिती असते. काही व्यापारी ॲपमध्ये नोकराच्या फोनवरही व्यवहार दिसण्याची सोय आहे, ती करून घ्यावी.

कधी गिऱ्हाईक खरंच प्रामाणिक असतं. त्याच्या खात्यातून पैसे वजा होतात, पण आपल्याकडे येत नाहीत. अशा अडकलेल्या रकमेसाठी रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासून नियम आहे : व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर व्यवहारानंतरच्या एका दिवसात, दुकानाच्या व्यवहारात पाच दिवसांत प्रश्न सुटला पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून सामान नाव लिहून बाजूला ठेवायचं आणि सांगायचं, “ताई, तुमचे पैसे बुडणार नाहीत. नोंद दिसली की पिशवी तुमची.”

फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांक आणि cybercrime.gov.in इथे तक्रार करता येते. पण १९३० चा मोठा उपयोग खात्यातून गेलेली रक्कम वाटेत रोखण्यासाठी होतो. इथे पैसे हललेलेच नसतात, गेलेला असतो तो माल. त्यामुळे जवळच्या पोलीस ठाण्यातही लगेच जावं. सोबत सीसीटीव्हीचं चित्रण, बिल आणि त्या वेळेची आपली व्यवहार-यादी न्यावी. त्या यादीत १,८५० रुपयांची नोंद नाही, हाच आपला पुरावा. पिशवी देण्याआधी तीच यादी उघडली असती, तर फक्त दहा-पंधरा सेकंद गेले असते.