कोणत्या विषयातला एक गुण जास्त मोलाचा?

सीजीपीएमध्ये गुण थेट मोजले जात नाहीत. गुणांवरून श्रेणी ठरते आणि श्रेणीवरून ग्रेड पॉइंट मिळतात. त्यांना विषयाच्या क्रेडिटने गुणून सर्व विषयांची बेरीज करतात आणि ती एकूण क्रेडिटने भागतात. हा भाजक सगळ्या विषयांना सारखाच असतो. त्यामुळे कुठल्या विषयात जोर लावावा हे ठरवताना तो बाजूला ठेवता येतो. पाहायचे एवढेच, की वाढीव गुणांनी क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट हा आकडा किती वाढतो.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यापीठांत शंभरपैकी ४० गुणांना ४ पॉइंट, ४५ ला ५, ५० ला ६, ५५ ला ७, ६० ला ८, ७० ला ९ आणि ८० पासून पुढे १० अशी पायऱ्यांची रचना आढळते. ६१ काय आणि ६९ काय, पॉइंट ८च. सत्तरावा गुण मात्र एकटाच पूर्ण पॉइंट देऊन जातो. ८० नंतरच्या गुणांना सीजीपीएच्या हिशेबात काहीच किंमत नाही. उलट ३९ वरून ४० वर गेले की शून्याचे एकदम ४ पॉइंट होतात, म्हणून नापास होण्याची भीती असलेला विषय नेहमी सर्वांत आधी येतो.

जास्त क्रेडिटचा विषय तो जास्त फायद्याचा, हा समज इथेच फसतो. चार क्रेडिटचा पेपर १०० गुणांचा आणि दोन क्रेडिटचा ५० गुणांचा असेल, तर ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर जायला पहिल्यात १० गुण लागतात, दुसऱ्यात ५. पहिल्यात बेरीज ४ ने वाढते, दुसऱ्यात २ ने. दोन्हीकडे एका गुणामागे ०.४ म्हणजे सारखाच लाभ. एका क्रेडिटचे प्रात्यक्षिकही ५० गुणांचे असेल, तर तिथे हाच दर ०.२ वर येतो. थोडक्यात, तुलना करायची ती नुसत्या क्रेडिटची नव्हे, कमाल गुणांमागे किती क्रेडिट पडते याची.

आता एक सत्र घेऊ. अंतर्गत गुण धरून सांख्यिकीत ५२, अर्थशास्त्रात ६१ आणि इतिहासात ६८ गुणांचा अंदाज आहे. तिन्ही चार क्रेडिटचे, शंभर गुणांचे. पन्नास गुणांच्या दोन क्रेडिटच्या भाषेत ३८ अपेक्षित आहेत. इतिहासाला पुढच्या पायरीसाठी २ गुण हवेत, लाभ ४, म्हणजे गुणामागे २. सांख्यिकीला ३ गुण हवेत, लाभ ४, दर सुमारे १.३३. भाषेत ४० गाठायला २ गुण हवेत, लाभ २, दर १. अर्थशास्त्राला ९ गुण हवेत, दर जेमतेम ०.४४. म्हणजे क्रेडिट निम्मे असूनही भाषा अर्थशास्त्राच्या पुढे जाते.

मात्र दर पाहून डोळे मिटून निवड करू नये, कारण अर्धी पायरी चढून काही मिळत नाही. एकूण ५ गुणांचीच वाढ शक्य आहे आणि पर्याय दोन आहेत असे समजू. एकात २ गुणांना २ चा लाभ, दुसऱ्यात ५ गुणांना ४ चा. पहिल्याचा दर १ आहे, दुसऱ्याचा ०.८. पण पहिला घेतला तर उरलेले ३ गुण वाया जातात आणि हाती २ च येतात. दुसऱ्यात ४ मिळतात.

खरी अडचण असते ती अंदाजाची. परीक्षेआधी ‘६८’ म्हणजे प्रत्यक्षात ६४ ते ७२ काहीही असू शकते. अनिश्चितता एवढी असेल तेव्हा पायरीची नेमकी कड धूसर होते आणि पट्ट्याची रुंदी महत्त्वाची ठरते. चार क्रेडिटच्या शंभर गुणांच्या विषयात ४० ते ६० दरम्यान दर ५ गुणांना पायरी आहे, म्हणून सरासरी दर ०.८ पडतो. ६० ते ८० दरम्यान तो निम्मा होतो. सत्राच्या सुरुवातीला हाच सरासरी दर वापरणे शहाणपणाचे. अंतर्गत गुण लागून अंदाज पक्का झाला की मग पायऱ्या मोजाव्यात. तेव्हाही अर्थशास्त्राचे ६१ विसरून चालत नाही. दोन गुण घसरले तर ४ चा तोटा आहे, आणि तिथले चार वाढीव गुण श्रेणी वर नेत नसले तरी ती टिकवून धरतात.

विषयांचा हा क्रम सत्र कोणतेही असो, बदलत नाही. बदलतो तो अंतिम परिणाम. बेरजेतली ४ ची वाढ २० क्रेडिटच्या सत्रात एसजीपीए ०.२० ने वाढवते. पहिल्या वर्षाअखेरच्या ४० क्रेडिटवर ती ०.१० होते आणि तीन वर्षांच्या १२० क्रेडिटवर सुमारे ०.०३. जिथे श्रेणी वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरते, तिथे पायऱ्या आधी ठाऊकच नसतात. अशा ठिकाणी मागच्या वर्षांच्या सीमांवरून ढोबळ अंदाज तेवढा बांधता येतो.