टीव्ही रात्री कोणाला पत्ता विचारतो?

पहिल्या रात्री सगळे झोपल्यावर मी नोंद उघडून पाहिली, तर घरात टीव्ही तेवढा जागा होता. पडदा काळा, रिमोट सोफ्याच्या फटीत. पण दर काही मिनिटांनी तो कुठल्या तरी जाहिरातवाल्या सर्व्हरचा पत्ता विचारत होता आणि दर वेळी त्याला ‘असं घर इथे नाही’ एवढंच उत्तर मिळत होतं. उत्तर देणारा होता राउटरशेजारी ठेवलेला, पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक.

इंटरनेटवर कुठेही जायचं तर आधी नावाचा आकडी पत्ता लागतो. तो सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली तिची रचना मांडली. आपण बातमीचं एक पान उघडतो तेव्हा आपला फोन एकच पत्ता विचारत नाही. मजकूर एकीकडे, फोटो दुसरीकडे, जाहिराती तिसरीकडे आणि आपण काय वाचतो याची टिपणं ठेवणारे आणखी चौघे, अशी डझनावारी नावं तो विचारतो. नाक्यावरच्या पानवाल्याने वसुलीवाल्यांना पत्ता सांगायचाच नाही असं ठरवलं तर ते घरापर्यंत पोचत नाहीत. घरचा डीएनएस हेच उलट्या दिशेने करतो. यादीतलं नाव कोणी विचारलं की तो `0.0.0.0` असा कुठेही न नेणारा पत्ता देतो. जाहिरात आणलीच जात नाही, त्यामुळे ती लपवण्याचाही प्रश्न उरत नाही.

यासाठी मी पाय-होल वापरतो. रास्पबेरी पायचं जुनं मॉडेलही चालतं. कामाचा भार इतका कमी असतो की तीन वॅट धरले तर महिन्याला विजेची दोनेक युनिटं जातात. आधी राउटरमध्ये जाऊन या यंत्राचा पत्ता कायमचा राखून ठेवायचा. माझ्याकडे तो `192.168.1.2` आहे. पत्ता विचारण्याचं दुकान रोज जागा बदलत असेल तर गिऱ्हाइकांनी जायचं कुठे? मग ही एक ओळ:

```
curl -sSL https://install.pi-hole.net | bash
```

इंटरनेटवरून आलेली आज्ञावली न वाचता अशी थेट चालवणं ही चांगली सवय नव्हे. ती आधी फाइल म्हणून उतरवून, नजर टाकून मग चालवता येते. पुढच्या प्रश्नांना उत्तरं देत गेलं की वीसेक मिनिटांत काम होतं आणि ब्राउझरमध्ये `http://192.168.1.2/admin` वर त्याचं पान दिसू लागतं. मांडणीच्या वेळी हो म्हटलं तर अडवायच्या नावांची एक यादीही सोबत येते. सुरुवातीला तेवढी पुरे. हौसेने आणखी दहा याद्या जोडल्या की घरातलं काहीतरी मोडतंच.

खरं काम इथून पुढे आहे. पत्ता सांगणारा बसवला, पण घरातल्या यंत्रांनी त्यालाच विचारावं हे त्यांना कोण सांगणार? प्रत्येक फोनमध्ये शिरून सेटिंग बदलणं हा मार्ग नव्हे. पाहुणे येतात, फोन बदलतात, टीव्हीत ती सोय सापडत नाही. ही जबाबदारी राउटरची. कोणतंही यंत्र वाय-फायला जोडलं जातं तेव्हा राउटर त्याला स्वतःचा एक पत्ता देतो आणि सोबत ‘वाट विचारायची तर अमक्याला’ असंही सांगतो. या देवघेवीला डीएचसीपी म्हणतात. राउटरच्या पानावर त्याच नावाच्या भागात DNS असं लिहिलेल्या चौकटीत `192.168.1.2` भरायचं. राउटर स्वतः बाहेर कोणाला विचारतो ती चौकट वेगळी, बहुधा WAN खाली असते. घाईत तीच भरली जाते. यंत्रं जुनी सूचना मुदत संपेपर्यंत धरून बसतात, म्हणून वाय-फाय एकदा बंद-चालू करावं.

त्याच ठिकाणी Secondary DNS अशी दुसरी चौकट असते आणि ती रिकामी दिसली की हात शिवशिवतात. मीही तिथे `8.8.8.8` टाकलं होतं. म्हटलं, आपलं यंत्र बंद पडलं तर असू दे राखीव. पण दुसरा पत्ता म्हणजे राखीव खेळाडू, असं अनेक यंत्रं मानत नाहीत. ती मनाला येईल तेव्हा दोघांपैकी कोणालाही विचारतात. परिणाम असा की सकाळी आईच्या फोनवर जाहिराती नव्हत्या, दुपारी होत्या, रात्री पुन्हा नव्हत्या. ती चौकट रिकामी ठेवावी किंवा तिथे दुसऱ्या पाय-होलचाच पत्ता द्यावा. याची किंमत आहे: ते एकुलतं यंत्र बंद पडलं की वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि एकही पान उघडत नाही. म्हणून राउटर ज्या इन्व्हर्टरवर, त्याच्यावरच पाय हवा.

एवढं करूनही धाकटीचा लॅपटॉप पाय-होलच्या नोंदीत जवळजवळ दिसेना. त्यावर मी हे चालवलं:

```
nslookup doubleclick.net
```

उत्तरात `0.0.0.0` यायला हवं होतं, आला खराखुरा पत्ता. वर Server या ओळीत, म्हणजे उत्तर कोणी दिलं तिथे, `fe80` ने सुरू होणारं लांबलचक काहीतरी होतं. तो राउटरचाच आयपीव्ही६ पत्ता. फायबर जोडणीवर आता ही नवी पत्तापद्धत सर्रास असते आणि तिच्यात राउटर ‘मला विचारा’ अशी वेगळी दवंडी पिटत असतो. डीएचसीपीच्या चौकटीत आपण काय लिहिलं याच्याशी तिचा संबंध नाही. काही राउटरांत या दवंडीतला डीएनएस बदलता येतो किंवा बंद करता येतो. माझ्या राउटरात दोन्ही नव्हतं, म्हणून मी घरापुरतं आयपीव्ही६ बंद केलं. उपाय देखणा नाही, पण लॅपटॉप त्याच मिनिटाला नोंदीत दिसू लागला.

आणखी काही यंत्रं मुद्दाम वाकडी वाट धरतात. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय आहे. ती आपोआप या पर्यायावर असेल तर फोन घरच्या डीएनएसला मान देतो; पण कोणी तिथे बाहेरच्या सेवेचं नाव लिहिलं असेल तर तो आपल्याला बाजूला सारून बंद लिफाफ्यात तिकडे विचारतो. ब्राउझरमधल्या ‘सुरक्षित डीएनएस’चंही तेच. काही उपकरणांत तर बाहेरचा पत्ता कारखान्यातच कोरलेला असतो. बरा राउटर असेल तर ५३ क्रमांकाच्या दारातून बाहेर जाणारी प्रत्येक विचारणा वळवून पाय-होलकडे आणता येते. विचारणा साध्या वेबच्या रहदारीत, ४४३ क्रमांकाच्या दारातून लपवून नेली तर मात्र ती ओळखून वेगळी काढणं घरच्या राउटरला सहसा जमत नाही.

आणि यूट्यूबवरच्या जाहिराती जात नाहीत. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. त्या जाहिराती जिथून व्हिडिओ येतो त्याच नावांवरून येतात; नाव अडवलं तर व्हिडिओही अडतो. उलट, शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीच्या दुव्यांवर टिचकी मारली की काहीच उघडत नाही. घरी सेलच्या दिवशी यावरून माझा उद्धार झाला. पाय-होलच्या पानावर पाच मिनिटं अडवणूक थांबवण्याचं बटण आहे. ते मी आता घरात सगळ्यांना दाखवून ठेवलंय.

इथवर पाय-होल यादीबाहेरच्या नावांसाठी बाहेरच्या कुठल्यातरी मोठ्या सेवेला विचारत होता. म्हणजे आपल्या घराची सगळी भटकंती एकाच परक्याच्या वहीत. ते टाळायला मी त्याच यंत्रावर अनबाउंड बसवलं, `sudo apt install unbound` म्हणून. त्याला एवढंच सांगायचं:

```
server:
    interface: 127.0.0.1
    port: 5335
```

मग पाय-होलमध्ये बाहेरच्या सेवा काढून `127.0.0.1#5335` लिहायचं. आता maharashtra.gov.in विचारलं तर अनबाउंड आधी इंटरनेटच्या मूळ सर्व्हरना .in कुठे ते विचारतो, तिथून पुढे gov.in आणि मग महाराष्ट्राच्या सर्व्हरकडून शेवटचं उत्तर आणतो. पहिल्यांदा क्षणभर जास्त लागतो, पुढे उत्तर जवळच असतं. या विचारणा उघड्या पोस्टकार्डासारख्या जातात, त्यामुळे जोडणी देणाऱ्या कंपनीला वाटेत वाचता येतातच. फक्त एकाच दुकानात वही राहत नाही. शिवाय अनबाउंड उत्तरांवरची डिजिटल सही तपासतो. बनावट सहीचं उत्तर तो नाकारतो का, हे पाहण्यासाठी:

```
dig fail01.dnssec.works @127.0.0.1 -p 5335
```

इथे SERVFAIL यायला हवं.

याच सहीने गेल्या दिवाळीला मला गाठलं. गावाला जाताना मी मुख्य स्विच बंद केला होता. अठरा दिवसांनी परतलो. वाय-फाय चालू, पाय चालू, पण एकही नाव सुटेना. नोंदीत सगळीकडे SERVFAIL. केबल बदलल्या, राउटर दोनदा बंद-चालू केला आणि शेवटी `date` लिहून पाहिलं, तर यंत्राच्या लेखी आम्ही अजून निघालोच नव्हतो. रास्पबेरी पायच्या या जुन्या मॉडेलला स्वतःच्या बॅटरीचं घड्याळ नाही. वीज गेली की ते थांबतं आणि आली की शेवटच्या नोंदलेल्या वेळेपासून पुढे चालू लागतं. सहीवर मात्र ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत ग्राह्य’ असं लिहिलेलं असतं. अठरा दिवस मागे असलेल्या यंत्राला आजची सही अजून सुरूच झालेली नाही असं दिसलं आणि त्याने ती नाकारली. घड्याळ लावायला ते वेळेच्या सर्व्हरला गाठतं, पण त्याचा पत्ता ते विचारणार स्वतःलाच! काही तासांचं भारनियमन झालं तर हे होत नाही, कारण थोड्या फरकाला अनबाउंड सूट देतो.

तोडगा एका ओळीचा. `/etc/systemd/timesyncd.conf` या फाइलमध्ये `[Time]` खाली वेळेच्या सर्व्हरचं नाव न लिहिता आकडी पत्ताच द्यायचा, म्हणजे विचारायची वेळच येत नाही:

```
NTP=216.239.35.0
```

हा गूगलच्या वेळ सांगणाऱ्या एका सर्व्हरचा पत्ता आहे. नंतर मे महिन्यात आम्ही तीन आठवडे बाहेर होतो. परतल्यावर स्विच लावला आणि चहा होईपर्यंत सगळं सुरू झालं होतं.

तुम्हाला हे करायचं असेल तर रास्पबेरी पाय विकत घेण्याआधी राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपीच्या भागात DNS ची चौकट बदलता येते का ते पाहा. येत नसेल तर निदान राउटरचं डीएचसीपी बंद करता यायला हवं, मग ते काम पाय-होलच करू शकतं. जोडणीसोबत मिळालेल्या राउटरात यातलं काहीच खुलं नसेल तर आधी राउटर बदलावा लागेल.