विमानाचे चाक आणि भाषांतरकाराची लेखणी

भाषांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कादंबरी उभी राहते, नाटक उभे राहते. तेथे एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तर फार तर टीकाकार रागावतो. परंतु असेही एक भाषांतर आहे की ज्यात एक 'पर्यंत' गळला, तर धावपट्टीवर चाक निखळू शकते. अशा भाषांतराची थोडी ओळख आज आम्ही वाचकांना करून देणार आहोत.

स्थळ आहे फिलिपाईन्स. १९८७ च्या राज्यघटनेने तेथे फिलिपिनो ही राष्ट्रभाषा ठरविली आणि राज्यकारभारासाठी फिलिपिनो व इंग्रजी या दोन्ही भाषा मान्य केल्या. मनिलाच्या विमानतळावर मोठमोठी प्रवासी विमाने दुरुस्तीला येतात. त्यांची दुरुस्तीपुस्तके इंग्रजीत असतात. तंत्रज्ञांचे शिक्षणही इंग्रजीत होते. पण विमानाखाली उभे राहून एकमेकांशी ते बोलतात आपल्या भाषेत. त्यामुळे इंग्रजी कृतिपत्राबरोबर फिलिपिनो पाठही हाती असावा, अशी गरज निर्माण होते.

आपण एकच काम घेऊ : विमानाचे चाक बदलणे. चाक आसावर निमुळत्या रुळांच्या बेअरिंगांवर फिरते आणि आसाच्या टोकाला एक मोठा नट ते जागी धरून ठेवतो. हा नट किती जोराने आवळायचा, म्हणजेच त्याचा टॉर्क किती, हे पुस्तकात दिलेले असते. समजण्यापुरते आपण आकडे धरू. खरे आकडे ज्या त्या विमानाच्या पुस्तकातलेच घ्यावयाचे. पहिली पायरी : चाक हाताने फिरवीत असताना नट ३०० पौंड-फूटपर्यंत आवळा. दुसरी : नट शून्यापर्यंत सैल करा. तिसरी : चाक फिरवीत असताना नट पुन्हा १०० पौंड-फूटपर्यंत आवळा. चौथी : नट फिरू नये म्हणून त्याला अटकाव बसवा.

आधी जास्त, मग शून्य, मग कमी, हा खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारील. पहिल्या जोराने बेअरिंगचे रूळ आपल्या घरात नीट बसतात. चाक फिरते नसेल, तर ते वाकडेच दबून राहतात आणि आकडा मात्र बरोबर दिसतो. पण तो मोठा जोर तसाच ठेवला, तर रूळ घासून तापतील. म्हणून तो काढून टाकायचा आणि बेताचा जोर द्यायचा. दुसरी पायरी गळली, तर पाना १०० ला लगेच 'कट्' म्हणेल. तंत्रज्ञाला वाटेल काम झाले, आणि नट मात्र ३०० वरच असेल. जड फिरणारे चाक, उतरल्यानंतर प्रमाणाबाहेर तापलेला तुंबा, उघडल्यावर निळसर पडलेले रूळ, या याच्या खुणा होत. उलट नट सैल राहिला, तर चाक आसावर डुलते.

आता हे फिलिपिनोत लिहू. पहिली अडचण 'चाक' या शब्दाचीच! 'गुलोंग' म्हणजे चाक. पण बोलण्यात टायरलाही गुलोंगच म्हणतात. 'गुलोंग बदला' या आज्ञेचे मग दोन अर्थ होतात. आपल्याकडे सायकलवाला 'चाक बसले' म्हणतो, तेव्हा बसलेला असतो टायर, तसेच हे. म्हणून भाषांतरकाराने प्रथम एक शब्दसूची करावी : गुलोंग म्हणजे फक्त चाक, टायरला टायरच. नटासाठी स्पॅनिशवरून आलेला 'तुवेर्का' हा शब्द रूढ आहे. तो घ्यायचा की 'नट' ठेवायचे, हे एकदा ठरवावे आणि शेवटपर्यंत बदलू नये. ललित लेखनात तोच शब्द पुन्हा पुन्हा येणे हा दोष. येथे तोच गुण. दुसरा शब्द दिसला की तंत्रज्ञ समजतो, वस्तूही दुसरीच असणार.

दुसरी अडचण 'बागो' या शब्दाची. याचा एक अर्थ 'आधी', दुसरा अर्थ 'नवा'. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. 'बागो आंग तुवेर्का' हे शब्द 'नटाच्या आधी' असेही वाचता येतात आणि 'नट नवा आहे' असेही. यावर उपाय असा की 'नवा' म्हणायचे तेथे 'हिंदी पा नागामित', म्हणजे 'अजून न वापरलेला', असे लिहावे. (तेथे 'हिंदी' म्हणजे 'नाही', हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल!) आणि 'आधी' जेथे येईल, तेथे वाक्य तोडून दोन क्रमांकांच्या दोन पायऱ्या कराव्यात. इंग्रजीत 'हवा काढल्यानंतर नट सैल करा' हे सांगताना 'नट सैल करा' हे शब्द पहिल्यांदा येतात. कामाचा क्रम आणि शब्दांचा क्रम उलटा पडला, तर घाईत वाचणारा शब्दांचा क्रम पाळतो.

तिसरी गोष्ट छोटी, पण घातक. आवळणे म्हणजे 'हिग्पितान', आणि आकड्याआधी 'हांग्गांग', म्हणजे 'पर्यंत', हवेच. '१०० पर्यंत आवळा' आणि '१०० ने आवळा' यांतला भेद मराठी वाचकाला सांगायला नको. 'चाक फिरवीत असताना' यासाठी 'हाबांग' हा शब्द आहे. त्याऐवजी 'पागकातापोस', म्हणजे 'नंतर', पडले, तर रूळ बसवण्याचा हेतूच संपला. एककांचे भाषांतर करूच नये. पौंड-फूट आणि पौंड-इंच यांत बारापटीचा फरक आहे. १०० पौंड-फूट हे पौंड-इंच समजून आवळले, तर प्रत्यक्षात आठ पौंड-फुटांच्या आसपासच जोर लागेल. आकडा व एकक मूळ पत्रातून जसेच्या तसे उतरवावेत आणि दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून ताडून पाहावेत.

आता इशारे. विमानाच्या पुस्तकात त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : माणसाला इजा किंवा मृत्यू संभवतो तेथे एक, यंत्राचे नुकसान संभवते तेथे दुसरा, आणि केवळ माहितीसाठी टीप. फिलिपिनोत पहिल्याला 'बाबाला' म्हणता येते. पण मग तो शब्द दुसऱ्या कशालाही वापरता कामा नये. जेथे तेथे 'बाबाला' लिहिले, तर कोणीच तिकडे पाहणार नाही. विमानाच्या टायरात मोठ्या दाबाने नायट्रोजन भरलेला असतो. चाकाचे दोन अर्धे बोल्टांनी जोडलेले असतात. ते बोल्ट तुटलेले असतील, तर नट सुटताच चाक फुटून समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून 'दाब काढल्याशिवाय नट सैल करू नका' हा इशारा त्या पायरीच्या आधीच हवा. पानाच्या मांडणीत तो खाली सरकला, तर शब्द अचूक असूनही भाषांतर चुकलेच.

हे सारे झाल्यावर ज्याने मूळ पाहिलेले नाही अशा माणसाकडून फिलिपिनो पाठ पुन्हा इंग्रजीत करवावा आणि दोन्ही इंग्रजी पाठ पायरीगणिक जुळवावेत. मग एका तंत्रज्ञाने तो पाठ वाचून प्रत्यक्ष चाक बसवावे. हा तंत्रज्ञ शक्यतो मनिलाबाहेरचा असावा. कारण 'लांगगाम' म्हणजे मनिलाच्या तागालोगमध्ये मुंगी, तर सेबूकडच्या भाषेत पक्षी! फिलिपिनो ही तागालोगवर उभी आहे, पण सर्वांची घरची भाषा ती नव्हे.

एवढे करूनही मान्यता असते ती मूळ इंग्रजी पुस्तकालाच, आणि सही होते ती त्याच्याच आधारे. म्हणून फिलिपिनो पाठावर मूळ पुस्तकाच्या कोणत्या सुधारणेवरून तो केला, तिचा क्रमांक व तारीख हवी. पुस्तकात १०० चे ९० झाले, की जुना पाठ त्याच दिवशी कारखान्यातून उचलावा. उत्तम पण शिळे भाषांतर हे वाईट भाषांतराहून अधिक धोक्याचे. कारण त्यावर लोकांचा विश्वास बसलेला असतो.