सेटिंगचा खर्च कुणाच्या माथी?

भोसरीत सीएनसी लेथवर बुश बनवणारं एक वर्कशॉप आहे असं समजा. वर्षाला ९,००० साधे बुश १० मोठ्या लॉटमध्ये निघतात आणि १,००० खास मापाचे बुश पंचवीस-पंचवीसच्या ४० लॉटमध्ये. माल आणि मजुरी दोन्हींना सारखीच, नगाला १५० रुपये. मशीनवरचा वेळही सारखाच, अर्धा तास. वर्षाचा वरखर्च, म्हणजे ओव्हरहेड, १० लाख.

जुन्या पद्धतीत मशीनचे ५,००० तास घ्यायचे आणि त्यांवर १० लाख वाटायचे. तासाला २००, नगाला १००. साधा असो की खास, बुश २५० रुपयांना पडतो. १० टक्के नफा धरून दोन्हींचं कोटेशन २७५.

आता मशीनपाशी उभं राहून पाहा. लॉट बदलला की सेटर जॉ काढून नवे बसवतो, टूल बदलतो, ऑफसेट घालतो, पहिला पीस कापतो. मायक्रोमीटरवर माप जुळलं नाही तर पुन्हा ऑफसेट. पुढे ९०० नग निघोत की २५, ही खटपट तेवढीच.

अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग इथूनच सुरू होतं: खर्च कोणत्या कामामुळे झाला, ते आधी शोधायचं. समजा १० लाखांतले ५ लाख वीज, घसारा आणि देखभालीचे आहेत. ते तासांवरच वाटायचे, नगाला ५०. उरलेले ५ लाख सेटिंग आणि पहिल्या पीसच्या तपासणीचे. वर्षात सेटिंग ५०, म्हणजे एका सेटिंगला १०,००० रुपये. साध्या बुशाच्या वाट्याला १ लाख आले, नगाला साधारण ११. खास बुशाच्या वाट्याला ४ लाख, नगाला ४००. साधा बुश पडतो २११ ला आणि खास ६०० ला!

२७५ च्या कोटेशनवर साध्याची ऑर्डर २५० वाला शेजारी घेऊन जातो आणि खास बुशाचं गिऱ्हाईक घासाघीस न करता होकार देतं. दर चुकल्याची खूण हीच. जॉन डिअरच्या सुटे भाग बनवणाऱ्या विभागाचं असंच झालं होतं: मोठ्या संख्येच्या भागांची कामं हातची जात आणि किरकोळ संख्येची मिळत. हार्वर्डचे रॉबर्ट कॅप्लन यांची १९८७ ची केस त्यावरच आहे.

मात्र खास बुश बंद केले की ४ लाख लगेच वाचतील असं मानू नका. सेटरचा पगार चालूच राहतो; त्याचा मोकळा वेळ दुसऱ्या कामाला लागला तरच फायदा. शिवाय कुठल्या लॉटला किती वेळ गेला याची नोंद कुणीतरी रोज ठेवावी लागते, आणि शेडचं भाडं कुठल्याच सेटिंगच्या नावावर प्रामाणिकपणे टाकता येत नाही.

माझ्या मते या आकड्याचा खरा उपयोग गिऱ्हाइकाशी बोलताना होतो. एका वेळी २५ घेतलेत तर आमचा खर्च नगाला ६००, १०० घेतलेत तर ३००.