सराफाच्या पाटीवरचा आकडा

आमच्या शाळेच्या वाटेवर सराफांची पाच-सहा दुकानं ओळीनं आहेत. त्यातल्या एकाच्या दारात अजूनही काळी पाटी लावतात: वर ‘२४ कॅरेट’, खाली ‘२२ कॅरेट’ आणि समोर खडूनं लिहिलेले आकडे. ही पाटी पुसून नवा आकडा लिहिण्याचं काम करणाऱ्या माणसाचा मुलगा माझ्या नववीच्या वर्गात आहे. एकदा टक्केवारीचा तास चालू असताना त्यानं विचारलं, “सर, बाबा रोज आकडा बदलतात. पण कालचं सोनं आणि आजचं सोनं एकच असतं ना?”

टक्केवारी तिथंच थांबली. भाव कोण ठरवतं, असं मी वर्गाला विचारलं. कुणी म्हणालं सरकार, कुणी म्हणालं सराफ. एक मुलगी ठासून म्हणाली, “लग्नसराई!” घरी ऐकलेलं असणार. तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे, पण रोजचा आकडा त्यांपैकी कुणीच ठरवत नाही.

मग आम्ही वर्गातच लिलाव मांडला. दहा जण गिऱ्हाईक, दहा जण विकणारे. प्रत्येकानं चिठ्ठीवर आपला आकडा लिहायचा आणि कुणाला दाखवायचा नाही: गिऱ्हाइकानं जास्तीत जास्त किती देणार ते, विकणाऱ्यानं कमीत कमी कितीला सोडणार ते. मी पुकारलं, “शंभर रुपये!” घ्यायला तीन हात वर, विकायला नऊ. नव्वदला घेणारे आठ, विकणारे दोन. पंचाण्णवला दोन्हीकडे पाच-पाच. “ठरला भाव,” म्हणून मी फळ्यावर पंचाण्णव लिहिले.

लंडनमध्ये रोज दोनदा जवळपास हेच होतं. तिथल्या घड्याळानं सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुपारचे तीन आणि संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. मोठ्या बँका आणि सोन्याचे व्यापारी पुकारलेल्या भावाला किती घेणार आणि किती विकणार ते सांगतात. दोन्ही बाजू जवळपास जुळेपर्यंत भाव वरखाली केला जातो. १९१९ पासून हे बैठकीत आणि पुढं फोनवर चालायचं, २०१५ पासून संगणकावर चालतं. या लिलावाखेरीज दिवसभर जगभर सौदे चालूच असतात. आपल्याकडे मुंबईच्या वायदेबाजारातही रात्री उशिरापर्यंत आकडा हलत असतो.

मग मी वर्गाला एक बातमी दिली: “अमेरिकेत बँकांचे व्याजदर उतरणार आहेत. आता चिठ्ठ्या बदला.” मुलं गोंधळली. व्याजाचा आणि सोन्याचा काय संबंध? संबंध असा, की तिजोरीतल्या सोन्याला व्याज मिळत नाही. बँकेत भरपूर व्याज मिळत असेल तर सोनं सांभाळणं महागात पडतं. व्याज उतरलं की सोनं सांभाळायला हरकत वाटत नाही. चिठ्ठ्या बदलल्या, भाव अठ्ठ्याण्णवला ठरला. वर्गातलं सोनं मात्र होतं तेवढंच राहिलं.

इथं मी कांद्याचा दाखला दिला, कारण आमच्या भागात तो सगळ्यांना कळतो. कांद्याचा भाव यंदाच्या पिकावर ठरतो. पीक जास्त आलं की पडतो, पावसानं सडलं की चढतो, आणि मागच्या वर्षीचा कांदा कुणाच्या चाळीत उरलेला नसतो. सोनं सडत नाही. माणसानं आजवर जमिनीतून काढलेलं बहुतेक सोनं आजही कुठं ना कुठं आहे, दोन लाख टनांहून जास्त. खाणींतून वर्षाला साडेतीन हजार टनांच्या आसपास नवी भर पडते, म्हणजे शंभराला दोनसुद्धा नाही. त्यामुळं सोन्याचा भाव यंदाच्या ‘पिका’पेक्षा जुनं सोनं धरून बसलेल्यांच्या मनावर जास्त चालतो. त्यांत देशांच्या मध्यवर्ती बँका आहेत. २०२२ मध्ये रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली गेली, तेव्हापासून २०२४ पर्यंत त्या वर्षाला हजार टनांहून जास्त सोनं घेत होत्या. आणि त्यांत तुमच्या आजीच्या पाटल्याही आहेत. भाव चढला की लोक मोड घेऊन सराफाकडं येतात, ते उगाच नाही.

लंडनचा आकडा असतो डॉलरमध्ये आणि औंसात. सोन्याचा एक औंस ३१.१ ग्रॅमचा. आमच्या पेठेतला आकडा रुपयांत आणि दहा ग्रॅमला. लोक दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण तो आता फक्त आजीच्या बोलण्यात उरला आहे. लंडनहून पेठेत येताना त्या आकड्याचं काय होतं हे पाहायला मी २३ जुलै २०२४ हा दिवस घेतला. त्या दिवशी केंद्राचा अर्थसंकल्प होता.

त्या सुमारास सोनं औंसाला २,४०० डॉलरच्या आसपास होतं आणि डॉलर ८३ रुपये ६० पैशांच्या आसपास. मुलांनी वहीत गुणाकार केला: एका औंसाचे २,००,६४० रुपये. ३१.१०३५ नं भागलं, दहानं गुणलं, की दहा ग्रॅमचे ६४,५०७. हा झाला बंदरावरचा भाव. आपल्याकडे खाणीतून सोनं नावापुरतंच निघतं, बाकी जवळपास सगळं बाहेरून येतं. म्हणून यावर आयात शुल्क चढतं. त्या सकाळपर्यंत ते १५ टक्के होतं, म्हणजे हिशेब ७४,१८३ पर्यंत जायचा. अर्थमंत्र्यांनी भाषणात ते ६ टक्क्यांवर आणलं आणि हिशेब ६८,३७७ वर आला. लंडनमध्ये विशेष काही घडलं नव्हतं, रुपयाही जागेवर होता, तरी कागदावर तोळ्यामागं ५,८०० रुपये उतरले.

बाजारात त्या दिवशी घसरण झाली ती चार हजारांच्या आसपास. एका मुलीनं हा फरक लगेच पकडला. मला तिचं कौतुक वाटलं, पण उत्तर देताना जरा दमही लागला. कारण असं, की बाजार नेहमी हिशेबाच्या आकड्यावरच उभा असतो असं नाही. गिऱ्हाईक कमी असलं की मोठे व्यापारी हिशेबापेक्षा थोडं उतरून देतात, दिवाळी-लग्नसराईत मागणी तापली की थोडं चढवून घेतात. अर्थसंकल्पाच्या आधी बाजार हिशेबाच्या खालीच होता, त्यामुळं पडायला उंची तेवढी कमी उरली होती. लग्नसराई म्हणणाऱ्या मुलीचं उत्तर बरोबर ठरतं ते एवढ्यापुरतं. लग्नाच्या तिथी जगाचा भाव हलवत नाहीत. आपल्या पेठेतला भाव जगाच्या भावाहून किती वर राहील किंवा किती खाली, तेवढंच त्या ठरवतात.

रुपयाचाही हिशेब केला. सोनं २,४०० डॉलरवरच ठेवलं आणि डॉलर ८३.६० वरून ८४.४० केला. दहा ग्रॅमला साडेसहाशे रुपये वाढले. लंडनमध्ये सोनं जैसे थे, आपल्या पाटीवर मात्र ते महाग.

मग तो मुलगा पुन्हा उठला. त्याचा खरा प्रश्न हा होता: “पण सर, शेठजींनी कपाटातला हार मागच्या महिन्यात स्वस्तात घेतलाय. मग आजच्या भावानं का विकतात? ही लबाडी नाही का?”

हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात, बहुधा दुकानाबाहेर येऊन. मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. मागच्या महिन्यात सराफानं दहा ग्रॅम ६६,००० ला घेतले. आज भाव ६८,००० आहे आणि त्यानं ते ६७,००० ला विकले. हजार रुपये मिळाले? संध्याकाळी त्याला रिकामं कपाट भरायचं आहे. व्यापाऱ्याकडून दहा ग्रॅम आणायला गेला की ६८,००० मोजावे लागतात. म्हणजे सोनं पूर्वीइतकंच आलं आणि खिशातून हजार गेले. सराफ रुपयांपेक्षा ग्रॅम मोजतो. दहा गेले तर दहा परत यायला हवेत. त्याची कमाई मुख्यतः घडणावळीत आणि थोड्या फरकात असते.

“आणि भाव पडला तर?” तर हाच नियम उलटा फिरतो. २३ जुलैला ज्यांच्या कपाटात १५ टक्के शुल्क भरून आणलेलं सोनं पडून होतं, त्यांना नव्या भावानं विकावं लागलं. मोठे जवाहीर यावर उपाय करून ठेवतात. बँकेकडून सोनंच उधार घेतात आणि दागिना विकला जाईल त्या दिवशी त्याचा भाव बांधून घेतात, किंवा वायदेबाजारात उलटा सौदा करून ठेवतात. आमच्या पेठेतल्या लहान दुकानदाराकडं यातलं काही नसतं. म्हणून तो सकाळी दुकान उघडताना आधी फोनवर भाव विचारतो आणि मगच पाटी पुसतो. बऱ्याच गावांत सराफ संघटना आपसांत एकच आकडा कळवतात, तरी दोन दुकानांच्या पाट्यांत शे-दोनशेचा फरक दिसतो. कधी एकानं जीएसटी धरलेला असतो, दुसऱ्यानं नाही.

मुलांना तपासायला सोपी असते ती पाटीची खालची ओळ. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग चोख, हजारात ९१६. दागिन्यावर ९१६ चा शिक्का असतो तो याचाच. म्हणून वरच्या आकड्याला ०.९१६ नं गुणलं की खालचा यायला हवा. ६८,३७७ ला २२ कॅरेट ६२,६३३ च्या आसपास. काही दुकानं ९२ टक्के धरतात, तिथं थोडं जास्त येतं. त्याहून बराच जास्त दिसला तर विचारायला हरकत नाही. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी साधारणपणे पाटीवर नसतात, ते बिलात येतात. पाटीवरचा आकडा आणि घरी आलेलं बिल यांत जो खड्डा पडतो तो बहुतेक या दोघांचा.

मी मुलांना पंधरा दिवसांचं काम दिलं: रोज पाटीवरचा आकडा, वर्तमानपत्रातला सोन्याचा डॉलरमधला भाव आणि रुपयाचा दर वहीत लिहायचा, म्हणजे फरकाचा किती भाग कुणाचा ते काढता येईल. त्या वेळी भाव लाखाच्या पलीकडं गेला होता, त्यामुळं गुणाकार जरा लांबले. एकीच्या वहीत दोन्ही रविवारी शनिवारचाच आकडा होता. शेजारणीनं तिला ‘आळशी’ म्हटलं. ती म्हणाली, “मी रोज जाऊन पाहिलंय.” तिचंच बरोबर होतं. शनिवारी पहाटे न्यूयॉर्कचे सौदे थांबले की सोमवारपर्यंत मोठे बाजार बंद असतात, मग पाटी कशाला हलेल? तिच्या वहीतला सर्वांत मोठा फरकही एका सोमवारचाच होता: दोन दिवस बाजार बंद असताना जगात जे घडलं ते सगळं सकाळी एकदम पाटीवर आलं होतं. त्या दिवशी बाबांनी दुपारपर्यंत तीनदा खडू उचलला, असं त्या मुलानं सांगितलं.