मुलाखतीला होकार देताना काय विचारावे?

प्रत्यक्ष मुलाखतीला बोलावणाऱ्या ईमेलला उमेदवाराने शक्यतो त्याच दिवशी उत्तर द्यावे. नुसते ‘येतो’ म्हणून भागत नाही. कुठे यायचे, आत कसे सोडतील आणि कोणते कागद लागतील, हे त्याच उत्तरात विचारून घ्यावे.

पहिला प्रश्न जागेचा. पुण्याजवळच्या हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे फेज 1, 2 आणि 3 असे भाग आहेत आणि काही कंपन्यांच्या इमारती एकाहून अधिक भागांत आहेत. फक्त ‘हिंजवडी कार्यालय’ लिहिलेले असेल तर फेज, इमारत, मजला आणि अभ्यागतांचे गेट विचारावे. चुकीच्या फेजला पोहोचलेला उमेदवार सकाळच्या वाहतुकीत सहज अडकतो.

दुसरा प्रश्न प्रवेशाचा. सुरक्षारक्षक उमेदवाराला ओळखत नसतो. त्याच्यापुढे अभ्यागतांची यादी असते. त्या यादीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळावे लागते. बायोडेटात माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे असेल, तर गेटवरच खोळंबा होतो. म्हणून ओळखपत्रावरचे पूर्ण नाव आधीच कळवावे. लॅपटॉप न्यायचा असेल तर तेही सांगावे, कारण अनेक ठिकाणी त्याचा अनुक्रमांक गेटवर नोंदवतात.

तिसरा प्रश्न कागदपत्रांचा. मूळ प्रती फक्त दाखवायच्या आहेत की छायाप्रती जमा करायच्या आहेत, हे स्पष्ट करून घ्यावे. अनुभवी उमेदवाराकडे सहसा आधीच्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर आणि अलीकडच्या पगारपत्रिका मागतात. सध्याची नोकरी सुटलेली नसेल तर तिचे रिलीव्हिंग लेटर असणारच नाही. तेव्हा नेमणूकपत्र चालेल का, हे विचारावे. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नयेत.

उत्तर मोजके असावे. उदाहरणार्थ: ‘मंगळवारी सकाळी साडेदहाच्या मुलाखतीला मी येत आहे. इमारत, मजला आणि अभ्यागतांचे गेट कृपया कळवावे. आधार कार्डावरील माझे पूर्ण नाव खाली दिले आहे. गेट पास आधी मिळेल का? सोबत लॅपटॉप आणणार आहे. मूळ कागदपत्रांसोबत कोणत्या छायाप्रती लागतील? त्या दिवशी अडचण आल्यास कुणाला फोन करावा?’ शेवटी स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा.

आदल्या दिवसापर्यंत उत्तर आले नाही तर कार्यालयीन वेळेत एक फोन करावा. गेट पास किंवा कागदपत्र तपासणीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून मुलाखत खरी आहे का, याची आधी खात्री करून घ्यावी.